आजीचा सहावा हिस्सा

मालेगावातला एक यंत्रमागवाला वारला, असं धरू. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. तिन्ही मुलींची लग्नं झालेली. आणि आतल्या खोलीत खाटेवर पडून असलेली त्याची म्हातारी आई. चाळिसावा झाल्यावर मुलगे कागद-पेन घेऊन बसतात. अम्मीचा वाटा धरतात, स्वतःचे धरतात, घर भलं असेल तर बहिणींचेही धरतात. आजीला मात्र कुणी मोजत नाही. तिला या वयात पैसे कशाला लागतात, असं सगळ्यांनाच वाटतं. पुढे या घरात जो वाद होतो, तो बहुतेक वेळा या न मोजलेल्या माणसापासून सुरू होतो.

मुस्लिम वारसा म्हटलं की मुलाला दोन आणि मुलीला एक, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. सूरह अन-निसाच्या अकराव्या, बाराव्या आणि एकशे शहात्तराव्या आयतीत हिस्से सांगितले आहेत. त्यांवर उभं राहिलेलं शास्त्र म्हणजे फराइज. आपल्याकडे १९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांच्या वारशाला तेच लागू होतं. कोर्टात त्यासाठी जे पुस्तक उघडलं जातं, ते मुंबईचे पारशी वकील दिनशॉ मुल्ला यांचं. १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती आणि काही राज्यांनी नंतर दुरुस्ती करून ती आत घेतली. त्यामुळे शेतीचा प्रश्न वेगळा ठेवावा लागतो. आपल्या उदाहरणात शेती नाही. हे कुटुंब सुन्नी हनफी आहे, असं समजू. कोकणी मुसलमान शाफई असतात, पण बायको, आई, मुलगे आणि मुली यांचे हिस्से त्यांच्याकडेही हेच आहेत.

हिंदू एकत्र कुटुंबाच्या कल्पना इथे पूर्णपणे बाजूला ठेवायला हव्यात. मुस्लिम कायद्यात मुलाला जन्माने काही मिळत नाही. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेदही नाही. बाप जिवंत आहे तोवर सगळं बापाचं, आणि त्याचा श्वास थांबला त्या क्षणी जे वारस जिवंत असतात, त्यांच्या नावे आपापला हिस्सा ठरून जातो. त्यासाठी वाटणी व्हावी लागत नाही, कागद व्हावा लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. त्या क्षणानंतर घर भावंडांचं सामाईक दिसलं, तरी कायद्याने प्रत्येकाचा अपूर्णांक स्वतंत्र असतो. पुढचं बरंच काही या एका क्षणावर अवलंबून आहे.

आता आकडे घेऊ. घराची किंमत ६० लाख, यंत्रमागाचा गाळा मागांसकट २२ लाख, बँकेत ८ लाख. एकूण ९० लाख. यातून वारसांना लगेच काही मिळत नाही. आधी कफन-दफनाचा खर्च निघतो, तो ५० हजार धरू. मग कर्ज. सुतासाठी बँकेकडून घेतलेले ४ लाख बाकी आहेत. आणि निकाहात ठरलेला, पण कधी न दिलेला ५० हजारांचा मेहेर आहे. मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं. म्हणजे विधवा वारस म्हणून रांगेत उभी राहण्याआधी घेणेकरी म्हणून उभी असते, आणि तिचा मेहेर हा तिच्या वारसाहक्काच्या वर असतो. निकाहनाम्यातला हा आकडा मृत्यूनंतर कुणी बघत नाही, आणि नवरा नुकताच गेलेली बाई तोंडाने मागतही नाही. मुलांनी तो स्वतःहून बाजूला काढायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

कर्ज फिटल्यावर ८५ लाख उरतात. मग वसियत. माणसाला मृत्युपत्राने फक्त या उरलेल्यातला तिसरा हिस्सा देता येतो, आणि तोही वारस नसलेल्याला. आपल्या यंत्रमागवाल्याने मोहल्ल्यातल्या मशिदीला एक लाख लिहून ठेवलेत. ते सहज बसतात. त्याने 'गाळा थोरल्याला' असं लिहिलं असतं, तर ते बाकीच्या वारसांनी त्याच्या मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय चाललं नसतं. बँकेच्या खात्याला थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलेलं असेल, तर त्यानेही तो मालक होत नाही. बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच त्याने ठरतं.

म्हणजे वाटायला राहिले ८४ लाख.

आजी नाही असं क्षणभर समजलं, तर हिशेब अगदी सरळ आहे. मूलबाळ असलेल्या माणसाच्या विधवेला आठवा हिस्सा. मूल नसतं तर चौथा असता. बायका एकाहून अधिक असत्या, तर हाच आठवा हिस्सा त्यांच्यात वाटला गेला असता. उरलेल्या सात अष्टमांशात मुलगे दोन-दोन आणि मुली एक-एक, म्हणजे दोन मुलगे आणि तीन मुली मिळून सात वाटे. सात अष्टमांशाचे सात वाटे केले की प्रत्येक वाटा एक अष्टमांश. विधवेला साडेदहा लाख, प्रत्येक मुलीला साडेदहा लाख, प्रत्येक मुलाला २१ लाख. भाऊ कागदावर हेच मांडतात, आणि आकडे इतके नीट बसतात की काही सुटलंय अशी शंकाही येत नाही.

पण आजी आहे. मुलगा वारला आणि त्याला मुलंबाळं असतील, तर त्याच्या आईला सहावा हिस्सा मिळतो. हा हिस्सा कुराणात ठरवून दिलेला आहे. नातवंडांच्या मर्जीवर तो नाही, आणि आजीच्या गरजेवरही नाही.

आता हिशेब नव्याने मांडू. एक अष्टमांश आणि एक षष्ठांश यांचा समान छेद चोवीस. विधवेचे तीन, आजीचे चार, उरले सतरा. हे सतरा सात वाट्यांत बसत नाहीत, म्हणून चोवीसला सातने गुणायचं. इस्टेटीचे झाले १६८ भाग. त्यात विधवेचे २१, आजीचे २८, प्रत्येक मुलाचे ३४ आणि प्रत्येक मुलीचे १७. बेरीज करून पाहिली तर बरोबर १६८ येते. मुफ्तींकडे किंवा जुन्या वकिलाकडे गेलात, तर ते असाच एक मोठा आकडा वर लिहून खाली नावांपुढे भाग मांडून देतात. रुपयांत मांडलं, तर एक भाग ५० हजारांचा. विधवेला साडेदहा लाख, आजीला १४ लाख, मुलाला १७ लाख, मुलीला साडेआठ लाख.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले, की आजीचे १४ लाख कुणाकडून आले ते दिसतं. विधवेच्या हिश्शाला धक्काही लागलेला नाही, तिचे साडेदहा ते साडेदहाच. ज्यांचा अपूर्णांक ठरलेला असतो, ते आधी घेतात. मुलगे आणि मुली मात्र एकत्र असले, की उरेल ते वाटून घेतात. म्हणून प्रत्येक मुलाचे चार लाख आणि प्रत्येक मुलीचे दोन लाख कमी झाले. मुलीला अर्धं का, हा प्रश्न इथे पडतोच. परंपरेचं उत्तर असं, की घर चालवण्याची, बायकोला पोसण्याची, मेहेर देण्याची जबाबदारी पुरुषावर आहे आणि स्त्रीचा पैसा सर्वस्वी तिचा आहे. आज बहिणीही घर चालवतात, तेव्हा हे उत्तर सगळ्यांना पटत नाही, आणि त्यावर मुस्लिम समाजातच चर्चा आहे. पण ज्या घरांत हे उत्तर मोठ्या आवाजात दिलं जातं, त्यांतल्या कित्येक घरांत ते अर्धंही बहिणीच्या हातात पडत नाही. त्याचा मला अधिक संताप येतो.

आता आजीकडे परत येऊ. वाटणी रेंगाळते. इद्दतचे चार महिने दहा दिवस सरतात, रमजान येतो, धाकट्याचा साखरपुडा येतो. दीड वर्षाने आजी जाते. मुलग्यांना वाटतं, चला, आजीचा प्रश्न मिटला, तिचं आता आपल्यातच आलं.

ते येत नाही. आजीचे १६८ पैकी २८ भाग तिचा मुलगा वारला त्याच क्षणी तिचे झाले होते. पैसे तिच्या हातात आले नव्हते, एवढंच. ती वारल्यावर ते तिच्या वारसांकडे जातात, आणि तिचे वारस म्हणजे तिची त्या दिवशी जिवंत असलेली मुलं. तिचा नवरा आधीच गेलेला आहे. तिला आणखी एक मुलगा आहे, म्हणजे या पोरांचा चाचा, आणि दोन मुली आहेत, म्हणजे फुफ्या. चाचाचे दोन वाटे, फुफ्यांचा एक-एक. चाचाला सात लाख, प्रत्येक फुफीला साडेतीन लाख. नातवंडांना शून्य, कारण आजीचा एक मुलगा जिवंत असताना दुसऱ्या, आधी वारलेल्या मुलाची मुलं तिचे वारस होत नाहीत.

अशा रीतीने चाचा आणि फुफ्या भावाच्या घरात हिस्सेदार होतात. त्यांनी काही बळकावलेलं नसतं. आजी मुलाच्या आधी एक दिवस गेली असती, तर ८४ लाखांतला एक रुपयाही तिकडे गेला नसता. दोन मृत्यूंचे दाखले शेजारी ठेवून त्यांवरच्या तारखा वाचणं, हे वारशाच्या प्रकरणातलं पहिलं काम आहे, आणि घरच्यांनी केलेल्या हिशेबात नेमकं तेच राहून गेलेलं असतं. वाटणी न करता जितकी वर्षं जातात, तितके मृत्यू त्यात मिसळतात आणि प्रत्येक मृत्यूबरोबर छेद वाढत जातो. तीन पिढ्यांच्या थांबलेल्या वाटणीत एखाद्या वारसाचा हिस्सा हजारांतल्या काही भागांवर येतो. त्यांतला कुणी सुरतेला असतो, कुणी भिवंडीला, आणि खरेदीखतावर सगळ्यांच्याच सह्या लागतात.

नातवंडांना शून्य, हा नियम उलट बाजूनेही घाव घालतो, आणि तिथे तो जास्त खोल जातो. समजा, यंत्रमागवाल्याचा थोरला मुलगा बापाच्या आधीच वारला असता, मागे बायको आणि दोन लहान पोरं ठेवून. मग बापाच्या मृत्यूनंतर धाकटा मुलगा जिवंत असल्यामुळे त्या पोरांना आजोबाच्या इस्टेटीत काहीच मिळालं नसतं. मेलेल्या बापाच्या जागी मुलांनी उभं राहायचं, ही सोय इथे नाही. इजिप्तने १९४६ मध्ये कायदा करून अशा नातवंडांसाठी सक्तीच्या वसियतीची तरतूद केली, पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकुमाने त्यांना बापाचा हिस्सा दिला. भारतात असा बदल झालेला नाही.

पण आजोबाचे हात बांधलेले नाहीत. ही पोरं वारस नाहीत, म्हणूनच त्यांना वसियत करता येते, इस्टेटीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आणि कुणाचीही संमती न घेता. दुसरा मार्ग हिब्याचा. जिवंतपणी देऊन टाकायचं. त्याला तिसऱ्या हिश्शाची मर्यादा नाही, आणि वारसालाही देता येतं. 'दिलं' असं जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा होतो. मुस्लिम कायद्यात तो तोंडीही चालतो. कोर्टात तो बहुधा तिसऱ्या पायरीवर पडतो. आजोबाने स्टॅम्पपेपरवर हिबानामा केला, पण गाळ्याचं भाडं मरेपर्यंत स्वतःच घेत राहिला, वीजबिल, घरपट्टी सगळं त्याच्याच नावावर, तर ताबा दिला कधी, असा प्रश्न येतो. आणि शेवटच्या आजारपणात, मरण समोर दिसत असताना केलेला हिबा वसियतीसारखाच धरला जातो. म्हणजे तिसऱ्या हिश्शाची मर्यादा तिथे परत येते, आणि वारसाला दिला असेल तर बाकीच्यांची संमतीही लागते. ज्याच्या डोळ्यांदेखत तरुण मुलगा गेला, त्याने त्याच वर्षी हे उरकलं पाहिजे. मन धजत नाही हे मी समजू शकतो. पण लांबवलेल्या प्रत्येक महिन्याची जोखीम ती पोरं घेत असतात.

मुलगा मुळीच नसेल, तर चित्र आणखी बदलतं. याच ८४ लाखांच्या मागे विधवा आणि तीन मुली आहेत, आजी आधीच गेलेली आहे, असं धरा. विधवेला आठवा हिस्सा, साडेदहा लाख. भाऊ नसल्यामुळे मुलींचाही अपूर्णांक ठरलेला असतो. एकच असती तर निम्मं, दोन किंवा अधिक असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे ५६ लाख. बेरीज साडेसहासष्ट लाख. उरलेले साडेसतरा लाख मयताच्या भावाबहिणींकडे जातात. शिया कायद्यात हे होत नाही. तिथे मुलगी असेल तर भाऊबहिणी बाहेर राहतात आणि उरलेलं मुलींकडेच परत येतं. सुन्नी घरात मात्र मुलींचा चाचा पुन्हा एकदा दारात येतो. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुलीच आहेत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ रोजी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, ते याच कारणासाठी. त्या कायद्याखालच्या लग्नाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्यात आईनंतर उरलेलं सगळं मुलांचं, मग ते मुलगे असोत की मुली. त्यावर बरीच टीका झाली, पाठिंबाही मिळाला. मुलगा नसलेल्या पुष्कळ बापांना हा मार्ग मानवणार नाही. त्यांच्यासाठी जिवंतपणीचा हिबा आहेच, आणि तो शरियतीच्या आतच आहे.

परत आपल्या घरात जाऊ, बहिणींपाशी. सिटी सर्व्हे ऑफिसात वारस नोंदीचा अर्ज जातो, आणि त्यात बहिणींची नावं कधी नसतात. प्रॉपर्टी कार्डावर फक्त दोन भावांची नावं चढली, म्हणून बहिणींचे ५१ भाग नाहीसे होत नाहीत. फेरफाराने मालकी जात नाही आणि येतही नाही, हे कोर्टांनी कितीतरी वेळा सांगितलेलं आहे. पण त्या कार्डावर उद्या कर्ज निघतं, घर गहाण पडतं, विकायला काढलं जातं, आणि बहिणीला कोर्टात जाऊन सुरुवातीपासून सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून फेरफाराची नोटीस आली की ती वाचायची, आणि नाव नसेल तर मुदतीत हरकत घ्यायची.

नावं असतील तर दुसरा प्रसंग येतो. ईदच्या दिवशी सगळे जमलेले असताना थोरला म्हणतो, "आपा, तुझं तर लग्नात सगळं झालंच ना. एक सही तेवढी करून टाक." लग्नात बापाने केलेला खर्च हा वारशाचा हप्ता नसतो. आपा "माफ केलं भय्या" म्हणाली, तर त्या बोलण्याने घरातला हक्क सुटत नाही, कारण स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. आणि बाप जिवंत असताना घेतलेली सही तर बहुतेक वेळा निरुपयोगीच असते, कारण जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडणार कसा. त्याला अपवाद आहे. गुलाम अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं म्हटलं, की वारसाने मोबदला घेऊन हक्क नाकारला असेल आणि त्यावर विसंबून बापाने पुढची व्यवस्था केली असेल, तर मागाहून त्याला तोंड फिरवता येत नाही. म्हणून सही करण्याआधी बहिणीने एकच आकडा विचारावा, की माझे १७ भाग आज किती रुपयांचे होतात. तो आकडा समजून घेऊन तिने भावाला दिलं, तर ते खरं देणं. न सांगता घेतलेली सही हे घेणं आहे.

उरला प्रत्यक्ष वाटणीचा प्रश्न. बँकेतल्या आठ लाखांतून कर्ज, मेहेर, दफन आणि मशिदीचे मिळून सहा लाख गेले, दोन उरले. गाळा विकला तर २२ लाख येतात. हे चोवीस लाख तिघी बहिणींना आठ-आठ दिले, की त्यांचे अर्धा-अर्धा लाख बाकी राहतात. ते भावांनी खिशातून घालायचे. मग उरतं ते घर, आणि त्यात अम्मीचे साडेदहा, भावांचे मिळून ३४ आणि त्यांनी बहिणींना दिलेले दीड लाख. हे झाले ४६ लाख. घराच्या साठांतले उरलेले १४ चाचाचे आणि फुफ्यांचे.

चाचाशी बोलणं करून ते हप्त्याने द्यायचे, हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग, आणि तो लेखी हवा. चाचा थांबायला तयार नसेल तर तो वाटपाचा दावा लावू शकतो. घर कापून वाटता येत नसेल, तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली कोर्ट ते विकून पैसे वाटायला सांगू शकतं. चाचाने रागाने आपला हिस्सा एखाद्या दलालाला विकला, आणि त्या दलालाने वाटपाचा दावा लावला, तर याच कायद्याचं चौथं कलम कुटुंबाच्या मदतीला येतं. राहत्या घरातला परक्याने घेतलेला हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क घरच्यांना मिळतो. पण त्यासाठी वाटप त्या परक्यानेच मागायला हवं. त्याने दावा न लावता नुसता हिस्सा धरून ठेवला, तर या कलमाचा आधार घरच्यांना घेता येत नाही.